मुलं इंग्रजीच्या तासाला बोलत का नाहीत? छोटं कृतिसंशोधन कसं आखावं

प्रश्न: मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीला इंग्रजी शिकवते. वर्गात ३८ मुलं आहेत. धडा वाचतात, प्रश्नोत्तरं लिहितात, पण ‘बोला’ म्हटलं की सगळ्यांच्या माना खाली, मुलं बोलायचं टाळतात. यावर कृतिसंशोधन करायचं ठरवलंय. हाताशी ६ आठवडे आहेत. मार्गदर्शकांनी ४० प्रश्नांची प्रश्नावली, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी आणि टी-मूल्य असं सुचवलंय. हे बरोबर आहे का? नेमकी सुरुवात कुठून करू?

उत्तर:

ताई, प्रश्नावली आधी बाजूला ठेवा. कायमची नको, पण आत्ता तरी ठेवाच.

मी बारा-तेरा वर्षं हायस्कूलला इंग्रजी शिकवलं आणि नंतर बरीच वर्षं शिक्षक-प्रशिक्षणात कृतिसंशोधनाचे अहवाल तपासले. या विषयावरचे अहवाल इतके आले की पहिलं पान उघडायच्या आधीच निष्कर्ष सांगता यायचा: ‘विद्यार्थ्यांना इंग्रजी बोलण्याची भीती वाटते, त्यांच्यात आत्मविश्वासाचा अभाव आहे.’ हा निष्कर्ष वर्गातून येत नव्हता, प्रश्नावलीतून येत होता. ‘मला इंग्रजी बोलताना भीती वाटते’ असं वाक्य समोर ठेवून ‘सहमत’ला खूण करायला सांगितली, तर आठवीतलं मूल खूण करणारच. एक तर बाईंनी विचारलंय, आणि दुसरं म्हणजे न बोलण्याचं ते सगळ्यात सभ्य कारण आहे. शिवाय भीती आहे हे कळून सोमवारच्या तासाला तुम्ही वेगळं काय करणार, हा प्रश्न तसाच राहतो.

या ४० प्रश्नांचं मूळ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सापडतं. १९८६ मध्ये इलेन हॉरविट्झ आणि तिच्या सहकाऱ्यांनी परकीय भाषेच्या वर्गातली चिंता मोजण्यासाठी ३३ विधानांची श्रेणी तयार केली. ती अमेरिकेतल्या विद्यापीठात परकीय भाषा शिकणाऱ्या मोठ्या मुलांसाठी होती. श्रेणी चांगली आहे. पण तिचा अनुवाद आठवीच्या मुलांसमोर ठेवला की निम्मी विधानं त्यांच्या वर्गाला लागूच पडत नाहीत, आणि वीस विधानांनंतर मुलं डोळे मिटून खुणा करतात.

तुमच्या समस्येचं वाक्यही थोडं सोलायला हवं. ‘मुलं बोलायचं टाळतात’ यात टाळणं आपण आधीच गृहीत धरलंय. टाळण्यासाठी आधी संधी यावी लागते. ती येते का, हे कुणी मोजलंय? माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी एकदा टेपरेकॉर्डर टेबलाखाली ठेवून स्वतःचा तास टेप केला होता. घरी ऐकला आणि लाज वाटली. मी प्रश्न विचारत होतो, एक श्वास घेत होतो आणि उत्तर मीच मराठीत देत होतो. मुलं काही टाळत नव्हती, मीच त्यांना आत शिरू देत नव्हतो. मेरी बड रो या संशोधिकेने अमेरिकेतल्या विज्ञानाच्या वर्गांत हेच मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत, आणि तीन सेकंद किंवा त्याहून जास्त थांबले तर मुलांची उत्तरं लांब होत आणि एरवी गप्प असणारीही बोलू लागत. तिथे तर मुलं आपल्याच भाषेत उत्तर देत होती. आपल्या पोरांना मराठीत समजून, इंग्रजीत जुळवून मग बोलायचं असतं.

म्हणून पहिला आठवडा फक्त मोजण्याचा, आणि शिकवायचं नेहमीसारखंच. मोबाइल रेकॉर्डिंगवर लावून टेबलावर ठेवा आणि तीन तासिकांची प्रत्येकी २० मिनिटं घ्या. तासिका वेगवेगळ्या निवडा: एक गद्य, एक कविता, एक व्याकरण. आवाजावरून मूल ओळखता येत नसेल तर उत्तर देणाऱ्याचं नाव घेण्याची सवय ठेवा, ‘हां, बोल रोहित’ एवढं पुरे. संध्याकाळी वर्गातल्या बैठकीचा आराखडा कागदावर काढून समोर घ्या आणि ऐकत ऐकत प्रत्येक मुलाच्या चौकटीत खुणा करा. एका शब्दाचं उत्तर असेल तर टिंब. पुस्तकातलं वाक्य वाचून दाखवलं तर आडवी रेघ. स्वतः जुळवलेलं वाक्य असेल, मग ते कितीही मोडकं असो, तर फुली. नाव घेऊन विचारलं आणि मूल गप्प राहिलं तर शून्य. सगळ्यांनी मिळून दिलेलं ‘येस बाई’ मोजायचं नाही, त्यात कोण बोललं आणि कोणी नुसते ओठ हलवले ते देवालाच ठाऊक.

‘आय गो फील्ड विथ पप्पा’ ही फुलीच. व्याकरण तपासायला बसलात की हा अभ्यास शुद्धलेखनाचा होतो.

आराखडा भरला की पहिल्यांदा आकडे बघू नका, कागद लांब धरून चित्र बघा. फुल्या कुठे दाटल्यात, शून्यं कुठे आहेत आणि कोऱ्या चौकटी कुठे आहेत. शून्य आणि कोरी चौकट यांतला फरक महत्त्वाचा आहे. शून्य म्हणजे विचारलं, पण बोललं नाही. कोरी म्हणजे विचारलंच नाही. मी पाहिलेल्या बऱ्याच आराखड्यांत कोऱ्या चौकटी शून्यांपेक्षा कितीतरी जास्त असत, आणि त्या शेवटच्या दोन रांगांत आणि शिक्षकाच्या डाव्या किंवा उजव्या अशा एकाच कडेला दाटलेल्या असत. तुमचंही तसंच निघालं, तर पहिला उपाय मुलांवर करायचाच नाही, आपल्या नजरेवर करायचा.

आता ‘का’ या प्रश्नाकडे येऊ. गप्प बसलेली तीन मुलं दिसायला सारखीच असतात, पण कारणं निराळी असतात. एकाला वाक्यच येत नाही. दुसऱ्याला येतं, पण वेळ हवा. तिसऱ्याला येतंही आणि वेळही मिळतो, पण मागच्या बाकावरून हसतात. ही तीन कारणं विचारून वेगळी होत नाहीत, कारण मुलाला स्वतःलाही ती वेगळी सांगता येत नाहीत. एका साध्या चाचणीने ती वेगळी होतात. मी तिला तीन दारांची चाचणी म्हणतो, आणि तुमच्या अभ्यासाचा कणा हीच असावी असं माझं मत आहे.

एकाच वजनाचे तीन प्रश्न घ्यायचे: शाळा सुटल्यावर काय करतोस, सकाळी शाळेत येण्याआधी काय करतोस, रविवारी काय करतोस. दुसऱ्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी पहिला प्रश्न सगळ्या वर्गासमोर, प्रत्येकाला नाव घेऊन विचारायचा. मनात पाच आकडे मोजत थांबायचं आणि नाही आलं तर हसून पुढे जायचं. ३८ मुलांना दहा-बारा मिनिटं लागतात. दुसरा प्रश्न जोडीत, शेजाऱ्याला सांगायचा. १९ जोड्या एका दिवसात ऐकून होत नाहीत, म्हणून दोन दिवस घ्या आणि प्रत्येक जोडीशेजारी अर्धा मिनिट नुसतं उभं राहा, वहीत काहीतरी बघतोय असं दाखवून. तिसरा प्रश्न शेवटी, कागदावर एका वाक्यात लिहायचा. क्रम मुद्दाम उलटा ठेवलाय. आधी लिहायला आणि मग बोलायला लावलंत, तर शेवटच्या दिवशीचं बोलणं म्हणजे सरावाचं फळ ठरेल आणि कारण झाकलं जाईल.

हाती काय लागतं ते एका नमुना वर्गावर दाखवतो. आकडे समजावण्यासाठी मी धरलेले आहेत, तुमचे निराळे येतील. समजा, ३८ पैकी २७ मुलांनी समजेल असं वाक्य लिहिलं, २२ मुलांनी जोडीत सांगितलं आणि वर्गासमोर फक्त ६ बोलली. लिहिणं आणि जोडी यांच्यात पाचच मुलं गळाली, पण जोडी आणि वर्ग यांच्यात सोळा. याचा अर्थ या वर्गाचा मोठा अडथळा भाषा नाही, ऐकणारे लोक आहेत. आता उलटं धरा: लिहिणारीच ११ असती, तर वर्गासमोर उभं करण्याचे सगळे उपाय फुकट होते, तिथे आधी शब्द आणि वाक्यांचे साचे द्यावे लागले असते. आणि पहिल्या उदाहरणात ३८ पैकी जी ११ मुलं लिहू शकली नाहीत, ती विसरू नका. त्यांचं कारण वेगळं आहे आणि त्यांच्यावर याच उपायाचा परिणाम शोधणं अन्यायाचं होईल. अहवालात त्यांचा वेगळा परिच्छेद करा.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. एखादं मूल मराठीतही अडखळत असेल किंवा नाव घेतल्यावर दर वेळी मान वळवून तोंडाकडे बघत असेल, तर ते टाळतंय असं समजू नका. तोतरेपणा आणि कमी ऐकू येणं हा कृतिसंशोधनाचा विषय नाही. मुख्याध्यापकांशी आणि पालकांशी बोला.

चाचणीने अडथळा कुठे आहे ते कळतं, काय आहे ते मुलांकडूनच घ्यावं लागतं. त्यासाठी दोन साधनं पुरतात. एक चिठ्ठी: तास संपताना वहीच्या पानाचा तुकडा, नाव नाही, मराठीत, ‘आज एखादं वाक्य मनात आलं होतं पण बोललो नाही, असं झालं का? तेव्हा काय वाटलं?’ तीन दिवस घ्या, कारण पहिल्या दिवशी मुलं ‘भीती वाटली’ एवढंच लिहितात. दुसरं साधन म्हणजे सहा मुलांशी गप्पा, आणि ही सहा मुलं आराखड्यावरून निवडायची: दोन फुलीवाली, दोन जोडीत बोलून वर्गात गप्प राहिलेली, दोन कुठेच न बोललेली. दोघादोघांना एकत्र घ्या, स्टाफरूममध्ये बोलावू नका, व्हरांड्यात किंवा झाडाखाली बसा. शक्य असेल तर हे काम त्यांना इंग्रजी न शिकवणाऱ्या सहकाऱ्याला द्या. घरी अहिराणी, पावरी किंवा बंजारा बोलणारी मुलं असतील आणि तुमच्या सहकाऱ्याला ती भाषा येत असेल, तर सोन्याहून पिवळं. अशा मुलांसाठी शाळेची मराठीच दुसरी भाषा असते आणि इंग्रजी तिसरी, हे चिठ्ठ्या वाचतानाही लक्षात ठेवा.

गप्पांत ‘का बोलत नाहीस?’ असं विचारू नका. त्यात आरोप आहे आणि आरोपाला मूल सबबच देतं. प्रसंग विचारा: ‘परवा बाईंनी रविवारचं विचारलं, तेव्हा तुझी पाळी यायच्या आधी मनात काय चाललं होतं?’ मग कुणी सांगतं, मी वाक्य पाठ करत होतो आणि पाळी आली तेव्हा विसरलो. कुणी सांगतं, मागच्या वेळी ‘शी गो’ म्हणालो, बाई मध्येच ‘गोज्’ म्हणाल्या आणि सगळे हसले. हे दुसरं वाक्य मला वेगवेगळ्या शाळांत इतक्या वेळा ऐकायला मिळालं की हल्ली मी त्याची वाटच बघतो. हसणारी मुलं दोषी असतात, पण हसण्याची जागा आपण दाखवून दिलेली असते.

आता कृती. एका फेरीत एकच बदल करा. शिक्षक उत्साहात जोडीकाम, तक्ते, बक्षिसं, भूमिकाभिनय, मोबाइलवरचे व्हिडिओ असं सगळं एकदम सुरू करतात, बोलणं वाढतं आणि कशामुळे वाढलं ते सांगता येत नाही. कर्ट लेविनने १९४६ मध्ये कृतिसंशोधन हा शब्द रूढ करणारा लेख लिहिला, तेव्हापासून त्याचं रूप फेऱ्यांचंच आहे: योजना, कृती, निरीक्षण, विचार आणि मग त्या विचारातून पुढची योजना. आपल्याकडे ते पूर्वचाचणी-उत्तरचाचणीच्या एका सरळ रेषेत अडकलं.

आपल्या नमुना वर्गासाठी मी तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात पहिली फेरी अशी ठेवेन. रोज एक मोकळा प्रश्न, ज्याचं उत्तर पुस्तकात नाही. दोन मिनिटं वहीत, दोन मिनिटं शेजाऱ्याशी, आणि मग वर्गासमोर मुलाने स्वतःचं नाही तर जोडीदाराचं उत्तर सांगायचं. ‘सुरेश हेल्प्स हिज मदर’ सांगताना चुकलं तरी ते आपलं चुकलं असं वाटत नाही, आणि वाक्य तोंडातून एकदा जाऊन आलेलं असतं. चौथ्या आठवड्याच्या शेवटच्या तीन तासिका पुन्हा तशाच रेकॉर्ड करा, २० मिनिटं, त्याच खुणा. पाचव्या आठवड्यात दुसरा बदल: मूल बोलत असताना दुरुस्ती बंद. चुका फळ्याच्या मागे चिकटवलेल्या कागदावर लिहून ठेवा आणि शेवटच्या पाच मिनिटांत नाव न घेता त्यातल्या दोनच घ्या. हे वाटतं त्यापेक्षा अवघड आहे, आपली जीभ शिवशिवते. याही आठवड्याच्या शेवटच्या तीन तासिका तशाच रेकॉर्ड करा आणि रेकॉर्डिंगमध्ये स्वतःला पकडा. पाळलं गेलं नाही तर तसं अहवालात लिहा, कारण न पाळलेल्या उपायाचा परिणाम मोजण्यात अर्थ नाही.

सहाव्या आठवड्याचे पहिले तीन दिवस आधार काढून घ्या. वहीत लिहिणं नाही, जोडी नाही, थेट वर्गासमोर मोकळा प्रश्न. या तीन तासिकाही मोजा. बहुतेक अहवालांत हा भाग नसतो, म्हणून मुलं बोलायला लागली की नव्या पद्धतीत बोलायला लागली, हे कळत नाही.

मोजायचं काय, यावर एकच आकडा मुख्य ठेवा: तीन तासिकांत निदान एक फुली मिळवलेली मुलं किती. एकूण फुल्यांची बेरीज फसवते. नेहमीची चार बोलकी पोरं दुप्पट बोलली की बेरीज फुगते आणि बाकीची होती तिथेच असतात. नमुना वर्गात सुरुवातीला ९ मुलं होती, पहिल्या फेरीनंतर १६, दुसऱ्या फेरीनंतर २१ आणि आधार काढल्यावर १५ असं समजा. वाढलेल्या बारांपैकी निम्मी वाढ आधाराशिवाय टिकली असं म्हणता येईल. टिकलेल्यांत कोण आहे, ते आराखड्यावर बघा. मागच्या रांगेतलं एखादं नाव असेल तर त्या मुलाशी पुन्हा पाच मिनिटं बोला, आकड्यापेक्षा तिथे जास्त मिळेल.

याच्यासोबत एक दुय्यम नोंद हवीच: तुम्ही किती वेळा नाव घेऊन विचारलं. सुरुवातीला २० वेळा आणि शेवटी ६० वेळा विचारलं असेल, तर वाढ मुलांची की तुमच्या प्रश्नांची, हे वाचणाऱ्याने ठरवायचं आहे. दोन्ही आकडे शेजारी छापा.

टी-मूल्याबद्दल तुमच्या मार्गदर्शकांशी भांडू नका. त्यांचा अहवालाचा नमुना ठरलेला असतो आणि गुण त्यांच्या हातात असतात. पण त्यांना एवढं सांगा की तुलनेचा दुसरा वर्ग नसताना, त्याच मुलांवर सहा आठवड्यांनी आलेला फरक सार्थ निघाला तरी तो उपायामुळे आला हे टी-मूल्य सांगत नाही. सहा आठवड्यांत मुलं तुम्हाला ओळखायला लागली, तेवढ्यानेही ती जास्त बोलतात. म्हणून जूनमध्ये नवा वर्ग हातात आल्या आल्या हे सुरू करू नका. जुलै निम्मा होऊ द्या. तसंच घटक चाचणीचा आठवडा आणि स्नेहसंमेलनाच्या तालमी टाळा, निम्मा वर्ग नाचाला गेलेला असताना आराखडा खोटा होतो. दुसऱ्या तुकडीला मुद्दाम उपायापासून वंचित ठेवून ‘नियंत्रित गट’ करणं मला शाळेत पटत नाही.

मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या आणि पालकसभेत रेकॉर्डिंगबद्दल सांगा. मुलांनाही सांगा. पहिले दोन दिवस ती मोबाइलकडे बघून बोलतील, ते रेकॉर्डिंग मोजू नका. अहवालात नावांऐवजी क्रमांक, आणि काम संपलं की ध्वनिफिती पुसून टाका. आराखडा वर्गात किंवा स्टाफरूमच्या भिंतीवर लावायचा नाही. आणि या बोलण्याला तोंडी परीक्षेचे गुण जोडायचे नाहीत. गुण जोडले की मुलं पाठ करून येतात आणि तुमच्या आराखड्यावर फुल्यांच्या जागी आडव्या रेघा दिसायला लागतात.

प्रश्नावली आता कपाटातून काढू शकता. चिठ्ठ्यांत मुलांनी जे लिहिलं त्यातलीच चार-पाच वाक्यं त्यांच्याच शब्दांत घ्या, जसं ‘मी चुकलो की मुलं हसतात’ किंवा ‘वाक्य जुळेपर्यंत दुसऱ्याची पाळी येते’, आणि दुसऱ्या आठवड्यात व सहाव्या आठवड्यात हो, कधीकधी, नाही एवढ्याच तीन पर्यायांवर भरून घ्या. मार्गदर्शकांना साधन हवं असतं, ते मिळेल. शीर्षकही त्यांच्या पद्धतीचं द्या, ‘इयत्ता आठवीच्या विद्यार्थ्यांना इंग्रजीच्या तासाला स्वतःचे वाक्य बोलताना येणाऱ्या अडचणींचा शोध घेऊन उपाययोजना करणे’. फक्त ‘स्वतःचे वाक्य’ हे दोन शब्द कुणी काटायला लागलं तर काटू देऊ नका.